हॅड दिसलं की वुड हॅव? हे कोणी ठरवलं?

संताप झालाय नुसता. मिरकरवाड्यातली एक मुलगी माझ्याकडे इंग्रजीला येते, घरची मासेमारीची बोट आहे. परवा तिच्या क्लासचा सराव पेपर घेऊन आली, लाल फुली मारलेला. प्रश्न असा: "हॅड दे रिपेअर्ड द इंजिन लास्ट वीक, द बोट ___ अॅट सी नाऊ." तिने लिहिलं, "वुड बी". उत्तरसूचीत "वुड हॅव बीन". सरांना विचारलं तर म्हणे, "हॅड दिसलं की वुड हॅव टाकायचं, पुढे वाचत बसायचं नाही."

पुढे वाचायचं नाही? अहो, उत्तर पुढेच तर आहे! हॅड सुरुवातीला आलं म्हणजे इफ गळालं आणि हॅड कर्त्याच्या आधी सरकलं, बाकी काही नाही. "इफ दे हॅड रिपेअर्ड" हेच ते. त्यावरून अट कधीची एवढंच कळतं: मागच्या आठवड्यातली, हातातून निसटलेली. परिणाम कधीचा, ते दुसरा भाग सांगतो, आणि तिथे ढळढळीत "नाऊ" छापलंय. तेव्हा इंजिन दुरुस्त केलं असतं तर बोट आत्ता समुद्रात असती. अट कालची, परिणाम आजचा, म्हणून मिक्स्ड कंडिशनल, म्हणून वुड बी. पोरीचं बरोबर आहे!

"नाऊ"च्या जागी "यस्टरडे" असतं तर वुड हॅव बीन मी स्वतः लिहायला लावलं असतं, कारण मग परिणामही मागेच राहतो. "बाय नाऊ" असेल तर मात्र नीट बघावं लागतं. "द बोट वुड हॅव रिटर्न्ड बाय नाऊ" चालतं, कारण परतणं एव्हाना उरकलेलं असतं. हे सगळं त्या शेवटच्या एका-दोन शब्दांवर ठरतं आणि नेमके तेच वाचू नका म्हणून शिकवतात!

त्याच पेपरात दुसरा घोळ. "शुड द रेन ___, वी विल मेंड द नेट्स ऑन द बीच." इथे शुड म्हणजे सल्ला, असं वर्गात सांगितलंय. कसला सल्ला, पावसाला? "इफ द रेन शुड स्टॉप" मधलं इफ काढलं की शुड पुढे येतं. अर्थ एवढाच, की पाऊस थांबलाच तर. शुड आहे म्हणून क्रियापद मूळ रूपात राहतं, स्टॉप. अर्धा वर्ग "स्टॉप्स" लिहून आला, कारण "इफ द रेन स्टॉप्स" पाठ होतं. त्यांना कोणी समजावलंच नाही, नुसत्या फुल्या मारल्या.

फी भरून ही मुलं येतात. गावाकडून एसटी पकडून येतात. नियम पाठ करायला लावायचे, तेही अर्धवट, आणि बरोबर लिहिणाऱ्याचे मार्क कापायचे? उद्या खऱ्या परीक्षेत हीच मुलगी घाबरून वुड हॅव बीन लिहील. ती उत्तरसूची आधी दुरुस्त करा, आणि वर्गासमोर तिचा मार्क तिला परत द्या.