पांढरी किनार, तुटलेल्या काटक्या आणि मास्कमधला करडा रंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "दादा, लेख वाचून रात्री एक वाजेपर्यंत बसलो आणि वैतागलो. तुमचा ल्युमिनॉसिटी मास्क लावला तर प्रत्येक काटकीला पांढरी किनार येते. मास्क कडक केला तर किनार जाते पण शेंड्याच्या काटक्या तुटतात, मधेमधे ठिपके उरतात. मल्टिप्लाय केलं तर अख्खं झाड निळं-काळं होतं, म्हणून नॉर्मलवरच ठेवलं. सिलेक्शनची ठिपक्यांची रेघही भलतीकडेच धावते. मग मॅजिक वाँड काय वाईट? उगाच सोपं काम अवघड करून सांगता असं वाटलं."

नमस्कार, राग समजला. लेख होता फोटोशॉपमध्ये झाडामागचं आभाळ बदलण्याचा, वाँडऐवजी फोटोच्या उजेडावरूनच मास्क काढून. पण तुमच्या प्रतिक्रियेतच उत्तराचा अर्धा भाग आहे, "नॉर्मलवरच ठेवलं" हे वाक्य, म्हणजे नव्या आभाळाच्या लेयरचा ब्लेंड मोड. बाकीच्या सगळ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेखातलाच फोटो घेऊ, उजनीच्या बॅकवॉटरजवळची ती वाळकी बाभूळ. मागे दुपारचं धुरकट पांढरं आभाळ, पुढे केसासारख्या काटक्या. ब्लू चॅनल उघडून माउस फिरवला की इन्फो पॅनलमध्ये आभाळ साधारण 240 दाखवतं आणि जाड फांदी 40, जिथे 0 म्हणजे काळं आणि 255 म्हणजे पांढरं. ब्लू चॅनलच का, तर वाळकं लाकूड आणि पानं निळा प्रकाश फार कमी परत पाठवतात, त्यामुळे त्या चॅनलमध्ये झाड सगळ्यात काळं दिसतं. `Ctrl+Alt+2` दाबून जे नेहमीचं ल्युमिनॉसिटी सिलेक्शन मिळतं त्यात निळ्याचा वाटा अगदीच थोडा असतो, बराचसा कारभार हिरव्याचा, म्हणून उन्हात चमकणारी खोडाची साल त्यात उगाच उजळ येते. म्हणून मी एकाच चॅनलवरून मास्क काढतो.

आता काटकीचा पिक्सेल. शेंड्याची काटकी पूर्ण एक पिक्सेलभरही जाड नसते हो. समजा पिक्सेलचा अर्धा भाग काटकीने व्यापलाय आणि अर्ध्यात आभाळ, तर कॅमेऱ्याने तिथे 40 पण लिहिलं नाही आणि 240 पण नाही, मधलं 140 लिहिलं (हिशोब ढोबळ आहे, पण कामापुरता बरोबर). त्याहून बारीक काटकी, पिक्सेलचा पाचवा हिस्सा व्यापणारी, तिथे 200. म्हणजे तुमच्या शेंड्याच्या काटक्या काळ्या नाहीतच मुळी, त्या करड्या आहेत, आणि मास्कमधला तो करडा रंग म्हणजेच काटकी. मास्क कडक केला म्हणजे काय केलं, तर मध्ये कुठेतरी रेघ मारली, याच्या वरचं सगळं आभाळ आणि खालचं सगळं झाड. 200 वाली काटकी आभाळात जमा झाली, तिच्याच पुढचा थोडा जाड तुकडा झाडात राहिला. तेच तुमचे ठिपके.

मॅजिक वाँड हेच करतं. टॉलरन्सच्या आत असलेला पिक्सेल घेतला, बाहेरचा सोडला. `Contiguous` चालू ठेवलं तर फांद्यांच्या मधल्या खिडक्या सुटतात, बंद केलं तर चमकणारी साल पण उचलली जाते. अँटी-अलायसिंगने कडा थोडी मऊ होते खरी, पण ती घेतलं-सोडलं ठरल्यानंतर कडेवरून फिरवलेला हात आहे, त्या पिक्सेलमध्ये काटकी किती होती हे त्याला माहीतच नसतं. इमारतीची कड असेल तर मी पण वाँडच वापरतो, तिथे मास्क-बिस्क कशाला.

ठिपक्यांच्या रेघेचं मात्र मनावर घेऊ नका. ती फक्त 50 टक्क्यांहून जास्त सिलेक्ट झालेल्या पिक्सेलभोवती दिसते, त्याखालचं सिलेक्शन असतं पण दिसत नाही. मऊ मास्क तपासायचा तर रेघ बघायची नाही, लेयर मास्कवर `Alt` धरून क्लिक करा आणि मास्कच काळा-पांढरा बघा.

आता किनारीकडे. तुम्ही मऊ मास्क बनवलात, म्हणजे 140 च्या पिक्सेलला मास्क बरोब्बर 50 टक्के. नवीन आभाळ समजा 120, संध्याकाळचं गडद निळं. नॉर्मल मोडमध्ये काय होतं बघा: अर्धं नवीन आभाळ म्हणजे 60, आणि अर्धा जुना पिक्सेल म्हणजे 70, बेरीज 130. तिथे यायला काय हवं होतं? अर्धी फांदी 20 आणि अर्धं नवं आभाळ 60, म्हणजे 80. हवं होतं 80 आणि आलं 130, नव्या आभाळापेक्षाही उजळ. हीच तुमची पांढरी किनार, आणि यात मास्कचा काहीच दोष नाहीये, मास्क अगदी अचूक होता. जुनं पांढरं आभाळ त्या पिक्सेलच्या आत मिसळलेलं आहे, ते मास्कने बाहेर काढता येतच नाही. तुम्ही फेदर करा, एक पिक्सेल कॉन्ट्रॅक्ट करा, काही करा. कॉन्ट्रॅक्ट केल्याने तर जुन्या आभाळाची पट्टी उलट जास्त दिसते, आणि एक्स्पांड केलं की काटक्या गिळल्या जातात.

म्हणून मल्टिप्लाय. मल्टिप्लायमध्ये जुना पिक्सेल जाऊन त्या जागी दुसरा येत नाही, दोघांचा गुणाकार होतो. जुनं आभाळ शुद्ध पांढरं असेल तर नवीन आभाळ जसंच्या तसं उमटतं, आणि काटकी जेवढी करडी होती तेवढीच गडद राहते. 140 चा तोच पिक्सेल इथे साधारण 70 येतो, हवं होतं 80. थोडा गडद, पण गडद काटकी कुणाच्या डोळ्यात खुपत नाही, पांढरी खुपते.

आणि इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, नेमक्या त्याच तुमच्याकडे निसटल्यात असं मला वाटतं.

पहिली, जुनं आभाळ आधी पांढरं करणं. आपल्या फोटोत ते 240 आहे, 255 नाही. तसंच ठेवलं तर नवं आभाळ जरासं मळकट येतं, आणि क्षितिजाजवळ जिथे धुरळ्यामुळे ते 200 पर्यंत उतरलंय तिथे तर जुन्या धुरक्याचा पट्टा नव्या आभाळातून आरपार दिसतो. म्हणून नव्या आभाळाच्या खाली एक लेव्हल्स ॲडजस्टमेंट लेयर, त्यात पांढरा स्लायडर 240 वर आणायचा. क्षितिजाच्या पट्ट्यासाठी दुसरा वेगळा लेव्हल्स लेयर आणि त्याच्या मास्कवर खालून वर ग्रेडियंट, एकाच सेटिंगमध्ये दोन्ही बसवायला गेलात तर वरच्या काटक्या जळतात.

दुसरी गोष्ट, मास्क. मल्टिप्लायसोबत तोच मऊ मास्क लावला तर गुणाकार पण अर्धवटच लागतो. 200 वाल्या बारीक काटकीला मास्क 80 टक्के, हिशोब केलात तर ती 120 येते, म्हणजे हुबेहूब नव्या आभाळाएवढी, काटकी गायब! आणि अजिबात मास्क लावला नाही तर खोड, जमीन, पाणी सगळ्यावर निळं चढतं, ते तुमचं निळं-काळं झाड. मधला रस्ता असा की मल्टिप्लायसाठी मास्क आभाळाच्या बाजूने उदार ठेवायचा. ब्लू चॅनल डुप्लिकेट करा, `Ctrl+L`, काळा स्लायडर 40 वर म्हणजे जाड फांदी पूर्ण काळी, आणि पांढरा स्लायडर डावीकडे ओढत थेट 100 पर्यंत आणा. मास्कमध्ये बारीक काटक्या अक्षरशः नाहीशा होतील, पांढऱ्यात विरघळतील. घाबरू नका! त्या फोटोत जागेवर आहेत, त्यांना वाचवायचं काम आता गुणाकार करतोय, मास्कने फक्त खोड आणि जाड फांद्या झाकायच्या. जाड फांदीच्या कडेचा 70 चा पिक्सेल घेऊन बघा, मास्क 50 टक्के, उत्तर 52 च्या आसपास येतं, आणि कागदावर हवं ते पण 52 च. अर्थात हे 40 आणि 100 माझ्या फोटोचे आकडे. तुमच्या हिस्टोग्राममध्ये दोन टेकड्या दिसतील, डावीकडे झाड आणि उजवीकडे आभाळ. पांढरा स्लायडर झाडाच्या टेकडीच्या उजव्या पायथ्यापाशी थोडा पुढे थांबवायचा, आभाळाच्या टेकडीपर्यंत न्यायचा नाही.

या मास्कमध्ये पाण्यातली चमक आणि सालीवरचे उन्हाचे ठिपके पांढरे उरतील, ते काळ्या ब्रशने सरळ रंगवून टाका, तिथे काटक्या नाहीत त्यामुळे नाजूकपणाची गरज नाही. हाच मास्क `Alt` धरून लेव्हल्सच्या लेयरवर पण ओढा.

झालं की तपासायला नव्या आभाळाच्या जागी तात्पुरता एकसारखा गडद निळा भरा आणि 200 टक्क्यांवर शेंडे बघा. ढगांमध्ये किनार लपते, सपाट रंगावर लपत नाही. काटकीच्या दोन्ही बाजूंना उजळ रेघ दिसली तर मास्क अजून जास्त झाकतोय, पांढरा स्लायडर आणखी डावीकडे. फांदीच्या पोटात निळसर झाक दिसली तर उलटं.

मर्यादा पण सांगतो, नाहीतर उद्या दुसऱ्या फोटोवर करून परत रागावाल. नवं आभाळ जुन्यापेक्षा उजळ असेल तर गुणाकाराने ते उजळ होणार नाही, आणि जुनं आभाळ गडद निळं असेल तर हे सगळंच बाद. समोरून ऊन पडलेली पिवळी-पोपटी पानं असतील तर ती ब्लू चॅनलमध्ये तरी काळी असतात म्हणून निभतं, पण त्यांच्या कडेला जरा हिरवट-निळं येतं, तिथे हाताने मास्क झाकावा लागतो. आणि फोटो काढतानाच आभाळ जळलेलं असेल, म्हणजे मूळ फोटोतच 200 टक्क्यांवर काटकी तुटक दिसत असेल, तर कुठलाच मास्क ती जोडून देणार नाही. ते फोटो काढताना एक स्टॉप कमी एक्स्पोजर देऊनच सांभाळायचं.

एक शंका आहे, तुमच्या "ठिपके" या शब्दावरून आली. तुम्ही मोबाइलच्या किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या जेपेगवर तर काम करत नव्हतात? जेपेगमध्ये रंगाची माहिती सहसा कमी रिझोल्यूशनने साठवतात, आणि ते सगळ्यात जास्त ब्लू चॅनलमध्ये दिसतं, फांद्यांच्या भोवती चौकोनी डाग येतात. तसं असेल तर ब्लू सोडा आणि ग्रीन चॅनलवरून हेच सगळं करा, कॉन्ट्रास्ट थोडा कमी मिळेल पण कडा स्वच्छ येतील. रॉ फाइल असेल तर ब्लूच. नाही जमलं तर शेंड्यांचा 100 टक्क्यांवरचा क्रॉप आणि मास्कचा स्क्रीनशॉट दोन्ही टाका इथे, नुसत्या फोटोवरून मला कळणार नाही.