डुप्लिकेट उडवताना खरे नंबरच उडाले? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

प्रतिक्रिया: «दादा, तुमचा लेख वाचून बाबांच्या अँड्रॉइड फोनवर डुप्लिकेट कॉन्टॅक्ट मर्ज केले. तरी निम्मी नावं दोनदा दिसतच होती, म्हणून हाताने एकेक डुप्लिकेट सिलेक्ट करून एकदम डिलीट मारलं, तर काही नातेवाईक पूर्णच गायब, टॅबवरूनसुद्धा! आणि जुन्या कॅलेंडर एंट्री उडवण्याचं तर दोन ओळींत उरकलंत. असं अर्धवट सांगू नका.»

ताई, आधी बाबांचे नंबर परत आणा, मग मला काय बोलायचं ते बोला. कॉम्प्युटरवर बाबांच्याच अकाउंटने contacts.google.com उघडा, डावीकडे Trash आहे, त्यात उडालेली नावं दिसतील, ती निवडून Recover करा. हे ३० दिवसच तिथे राहतात, त्यामुळे रविवारवर ढकलू नका. मर्जमध्येच घोळ झाला असेल तर वर गिअरच्या खुणेत Undo changes आहे, पण ते वापरलं की अख्खी यादीच त्या वेळेला होती तशी होते, म्हणजे मधल्या काळात घातलेले नवीन नंबर जाऊ शकतात. म्हणून आधी Export मारून एक फाइल ठेवा.

आता हे झालं कसं. फोनवर दिसणारी यादी एक नसते हो, सिमवरची, फोनच्या मेमरीतली आणि गूगल अकाउंटमधली अशी सगळी एकत्र दाखवलेली असते, वर व्हॉट्सअ‍ॅप आपली एंट्री चिकटवतं ती वेगळीच. गूगलचं Merge & fix फक्त गूगल अकाउंटमधल्या नावांकडे बघतं, सिमवरचं त्याला दिसत नाही, म्हणून मर्ज केल्यावरही तुम्हाला दोनदा दिसत राहिलं. आणि तुम्ही दोनातलं जे उडवलंत ते बहुतेक गूगलवालं होतं. ते तिथून गेलं की सिंक होऊन टॅबवरूनही जाणारच, तो काही बिघाड नाही.

समजा बाबांकडे «Suresh Kaka Sangli» गूगलमध्ये आहे आणि सिमवर तेच «Suresh Kaka Sa» असं अर्धं आहे, कारण सिमवर नावाला जागाच कमी असते. गूगलमध्ये नंबर +91 लावून, सिमवर आधी 0 लावून. बघणाऱ्याला सिमवालं नाव नीट वाटतं (बाबांनी वीस वर्षांपूर्वी स्वतः घातलेलं ना!) आणि लांबलचक वालं डुप्लिकेट, म्हणून ते उडतं, त्याबरोबर काकांचा ईमेल, पत्ता, वाढदिवस सगळंच जातं. म्हणून सिलेक्ट करायच्या आधी कॉन्टॅक्ट उघडून तो कुठे सेव्ह आहे ते बघायचं, आणि यादीच्या फिल्टरमध्ये एका वेळी एकच अकाउंट ठेवायचं.

क्रम असा ठेवा: सिमवरचे नंबर गूगलमध्ये इम्पोर्ट करा, मग Merge & fix, आणि सगळं नीट दिसलं की शेवटी सिमवरचे उडवा. सिमला Trash नाही, तिथलं गेलं ते गेलं. मर्जमध्ये Merge all दाबायचा मोह होतो पण एकदा नजर फिरवा, कारण एकाच लँडलाइनवर आजी आणि आत्या अशी दोन माणसं असली तर तीही एक करायचं सुचवलं जाऊ शकतं.

कॅलेंडरचं म्हणाल तर थोडक्यात लिहिलं कारण गूगल कॅलेंडरच्या फोन अ‍ॅपमध्ये दहा एंट्री टिकमार्क करून एकदम उडवायची सोयच नाही. कॉम्प्युटरवरून मुख्य कॅलेंडर अख्खं रिकामं करता येतं, पण त्यात पुढच्या महिन्याची डॉक्टरची अपॉइंटमेंटही जाते. माझं मत विचाराल तर मागच्या एकेकट्या एंट्री राहू द्या, त्या कुणाला नडतात? नडतात त्या दर महिन्याला उगवणाऱ्या, म्हणजे फिटलेल्या कर्जाचा इएमआय, बंद झालेला क्लास. यातली पुढची पहिली तारीख उघडून डिलीट करा आणि This and following events निवडा, मागचं जागेवर राहतं. All events निवडलंत तर मागच्या सगळ्या तारखाही जातात. आणि ज्या एंट्रीत तुम्ही दुसऱ्यांना बोलावलंय ती उडवली की त्यांच्या कॅलेंडरमधूनही जाते, त्यामुळे भिशीच्या ग्रुपवाल्या एंट्रीला हात लावताना जरा सांभाळून.

काकांचा वाढदिवस दोनदा दिसत असेल तर मात्र कॅलेंडरमध्ये शोधत बसू नका. बहुतेक त्यांचे गूगलमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात आणि दोन्हीत जन्मतारीख असते, ते मर्ज केले की कॅलेंडरमधलंही एकच उरतं. Trash मध्ये नावं सापडली का ते इथे खाली लिहा, नसतील तर तो कॉन्टॅक्ट बहुतेक बाबांच्या या गूगल अकाउंटमध्ये नव्हताच, मग बाबांच्या जुन्या सिमवर किंवा एखाद्या जुन्या फोनमध्ये बघावं लागेल.