बाळ्याचा रुपया मजबूत

तारकर्लीच्या होमस्टेची पडवी. शेवटची रात्र. सुरमईचं ताट संपलं, सोलकढीचा दुसरा पेला चालू होता, तेवढ्यात नित्या म्हणाला, "चला, हिशोब करून टाकू." गेली ३० वर्षं टिकलेली मैत्री धोक्यात येते ती याच वाक्यानंतर.

नित्या अमेरिकेतून आलेला. होमस्टेचे पैसे त्याने आधीच ४०० डॉलर भरले होते. संज्या दुबईचा. मोपा विमानतळावरून घेतलेल्या गाडीचे ६०० दिरहम त्याच्या कार्डातून गेले. मी कुडाळचा, त्यामुळे पेट्रोल, मासे, होडी असं सगळं किरकोळ मिळून १४,६८४ रुपये माझे. बाळ्याने ४,८०० रुपये खर्चले होते, आणि त्यातले निम्मे तरी काजूंचे असावेत असा माझा अजून संशय आहे.

पहिला प्रश्न: डॉलर कितीला धरायचा? नित्याला ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवसाचा भाव हवा होता, कारण त्या दिवशी डॉलर महाग होता. संज्याला बँकेच्या विवरणपत्रावरचा हवा होता. बाळ्या सगळ्यात जास्त देणं लागत होता. त्याला अचानक देशप्रेमाचा उमाळा आला. "आपला रुपया काय एवढा पडलेला नाय!" ज्याला पैसे यायचे असतात त्याला रुपया घसरलेला दिसतो आणि ज्याला द्यायचे असतात त्याला मजबूत, हे मला त्या रात्री कळलं.

प्रत्येकाने आपापल्या भावाने आकडे लावले, मी कागदावर बेरीज मारली, आणि घोटाळा उघडा पडला. नित्याच्या ८६ च्या भावाने त्याचे ३४,४०० होत होते, बाळ्याच्या वहीत तेच ८४ ने ३३,६००. मधले ८०० रुपये कुणाच्याच खिशात नव्हते. येणं आणि देणं यांची बेरीज शून्य आली नाही, तर समजावं की वहीत दोन भाव शिरलेत.

शेवटी ज्या दिवशी आम्ही मोपाला उतरलो त्या दिवसाचा भाव, ८५, सगळ्यांनी मान्य केला. खर्च महिनाभरातलेच होते, म्हणून एक भाव चालला. कुणी सहा महिन्यांपूर्वी पैसे भरले असते, तर त्या दिवसाचाच भाव धरावा लागला असता, आणि नित्या जिंकला असता.

आता दिरहमवर नवी लढाई, असं वाटून मी पाणी प्यायलो. पण संज्यानेच सांगितलं की दिरहम डॉलरला बांधलेला आहे: एका डॉलरला ३.६७२५, गेली कित्येक वर्षं. म्हणजे ८५ ला ३.६७२५ ने भागा, २३.१४५ रुपये. वादच नाही. गाडी १३,८८७ रुपयांना पडली.

उरलं मालवणातलं जेवण. बिल ४,६२९ रुपये, संज्याने कार्ड दिलं. यंत्राने विचारलं, रुपयांत घेऊ की दिरहममध्ये? संज्याने आपलं चलन पाहून आनंदाने दिरहम दाबलं. आमच्या भावाने २०० दिरहम झाले असते, त्याने २१२ घेतले. असा प्रश्न आला की स्थानिक चलन निवडायचं असतं, नाहीतर यंत्र आपल्या भावाने कापतं, आणि तो भाव गिऱ्हाइकाच्या सोयीचा क्वचितच असतो. वरचे १२ दिरहम वाटून घ्यायचे का? तिघांनी एका सुरात "नाही" म्हटलं. तो अंगठ्याचा दंड, अंगठेवाल्याचा.

एवढ्यात काकू दारात. "कित्याक भांडतास? केळ्याचो हलवो थंड होता."

हलवा खाल्ला आणि आकडे बसले. नित्या ३४,०००, संज्या १८,५१६, मी १४,६८४, बाळ्या ४,८००. एकूण बरोबर ७२,०००, प्रत्येकी १८,०००. नित्याला १६,००० आणि संज्याला ५१६ यायचे. माझ्याकडून ३,३१६ आणि बाळ्याकडून १३,२०० जायचे. दोन्ही बाजूंना १६,५१६. मी उठून नाचलोच जवळजवळ.

डॉलर परत पाठवायचा बाळ्याचा विचार आम्ही मोडून काढला. बँक मध्ये आपलं काढणार, मग पुन्हा कुणाचा तरी भुर्दंड. रुपयांतच फेडायचं ठरलं. नित्याच्या आईच्या सावंतवाडीच्या खात्यात बाळ्याचे १३,२०० आणि माझे २,८००, संज्याच्या इथल्या खात्यात माझे ५१६. तीन व्यवहार, फोनवरून, पडवीतच. बाळ्याने पिन दोनदा चुकवला. तो मुद्दाम चुकवला नाही असं तो अजून म्हणतो.

सकाळी गाडीत सामान भरताना काकू शहाळ्यांचा हिशोब घेऊन आल्या. ३०० रुपये झाले होते. आम्ही चौघे एकमेकांकडे पाहू लागलो. नित्याचा हात पाकिटाकडे गेला, त्यात डॉलर होते. संज्याचा गेला, त्यात दिरहम. बाळ्याने झटकन तीन नोटा काकूंच्या हातात कोंबल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "हे लिहायचं नाय."