३२-बिट पीसीचा प्रिंटर नव्या लॅपटॉपवरून चालतो, ‘खात्रीशीर उपाय’ मात्र करू नका

“जुना पीसी ३२-बिट असेल तर त्याचा प्रिंटर नव्या ६४-बिट विंडोजला शेअर होतच नाही, ड्रायव्हर मिसमॅच येतो. खात्रीशीर उपाय: १) नव्या लॅपटॉपचं सिक्युअर बूट आणि ड्रायव्हर सिग्नेचर तपासणी बंद करून जुन्या पीसीतलाच ड्रायव्हर टाका. २) सगळ्या मशीनवर रजिस्ट्रीत RpcAuthnLevelPrivacyEnabled शून्य करा. ३) पासवर्ड शेअरिंग बंद करा, SMB1 चालू करा. ४) तरी नाही झालं तर जुन्या पीसीत ६४-बिट विंडोज टाका नाहीतर नवीन प्रिंटर घ्या. सर्व दुकानदार ग्रुपवर पाठवा.”

नाशिकच्या पंचवटी मार्केट यार्डात माझ्या मामांचा भाजीपाल्याच्या आडतीचा गाळा आहे. हा मेसेज तिथल्या ग्रुपवरून मामांकडे आला आणि मामांनी तो मामेबहिणीला दिला. तिने पहिला उपाय करायला घेतला. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो निळ्या पडद्यावर, ४८ आकडी रिकव्हरी की मागत. ऐन लिलावाच्या वेळेला शेतकरी हिशोबपट्टीसाठी खोळंबले. असा मेसेज न तपासता पुढे ढकलणाऱ्यांचा मला खरंच राग आला आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात घातक उपाय पहिलाच आहे, आणि तो कधीच यशस्वी होऊ शकत नाही. ड्रायव्हरवरची डिजिटल सही आणि ड्रायव्हरचं बिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल कुणी बनवली आणि मधे कुणी तिच्यात फेरफार केला नाही ना, एवढंच सही सांगते. ती तपासणी बंद केल्याने ३२-बिटची फाइल ६४-बिटची होत नाही. विंडोजमध्ये छपाईचं काम स्पूलर नावाची सेवा करते. ६४-बिट विंडोजवर ही सेवा ६४-बिट असते आणि ६४-बिट प्रोसेसमध्ये ३२-बिट डीएलएल, म्हणजे ड्रायव्हरमधली प्रोग्रॅमची फाइल, लोड होत नाही. सही असो वा नसो, उत्तर तेच. म्हणजे जुन्या पीसीच्या फोल्डरमधून फाइली उचलून लॅपटॉपवर टाकायच्या हा उद्योग मुळातच फुकट आहे.

नुकसान मात्र खरं होतं. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने कुलूपबंद असते. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होतानाची तपासणी; ती बदलली की मशीनशी छेडछाड झाली असं विंडोजला वाटतं आणि ते की मागतं. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला, त्या अकाउंटमध्ये ती की साठवलेली असते. बहिणीचं अकाउंट तिचं स्वतःचं होतं, म्हणून मोबाइलवरून `aka.ms/myrecoverykey` उघडून की मिळाली. पण कितीतरी दुकानदारांचा लॅपटॉप विकणाऱ्याकडच्या मुलानेच भलत्याच ईमेलवर चालू करून दिलेला असतो. त्यांना की कुठून मिळणार? की नसेल तर त्या डिस्कवरचा हिशोब गेला.

आता या मेसेजमधलं अर्धं सत्य. ड्रायव्हर मिसमॅच येतो हे खरंच आहे. नेटवर्कमध्ये जुन्या पीसीवर जाऊन प्रिंटरच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की लॅपटॉप ड्रायव्हर त्या पीसीकडूनच मागतो. जुन्या पीसीकडे फक्त ३२-बिटचा असतो, तो लॅपटॉपच्या कामाचा नाही, म्हणून गाडी अडते. पण यातून ‘शेअर होतच नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. ड्रायव्हर त्या पीसीकडून मागायचाच नाही, इतकाच निष्कर्ष निघतो.

विंडोजमध्ये यासाठी एक अधिकृत सोयही आहे. जुन्या पीसीवर प्रिंटरच्या Sharing टॅबमधल्या Additional Drivers मध्ये x64 वर टिक करायची आणि ६४-बिट ड्रायव्हर तिथेच ठेवून द्यायचा. मी छोट्या दुकानांना ती सुचवत नाही. दोन्ही ड्रायव्हरचं नाव अक्षरन्‌अक्षर एकच लागतं, आणि पुष्कळदा ६४-बिट विंडोजच्या सीडीतली `ntprint.inf` मागून ते अडून बसतं. दोन-तीन लॅपटॉपसाठी एवढा खटाटोप नको.

मामांकडे काय केलं ते सांगतो. जुना पीसी विंडोज ७, ३२-बिट. त्यावर पट्ट्यांचा डॉसमधला जुना प्रोग्रॅम चालतो. प्रिंटर एचपी लेझरजेट १३२०, पॅरलल केबलने जोडलेला, कारण तो प्रोग्रॅम थेट LPT1 वर, म्हणजे पॅरलल पोर्टवर, छापतो. लॅपटॉप विंडोज ११, म्हणजे ६४-बिटच. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही.

आधी जुन्या पीसीवर, ज्याचं नेटवर्कवरचं नाव `DUKAN-PC` आहे, प्रिंटर शेअर केला. नाव दिलं `LJ1320`, मधे जागा न सोडता. मग त्याच पीसीवर `print` नावाचा साधा युजर बनवून त्याला पासवर्ड दिला. पासवर्ड रिकामा ठेवून चालत नाही, कारण रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे दिलं:

```
cmdkey /add:DUKAN-PC /user:DUKAN-PC\print /pass
```

पासवर्ड विचारला जातो, तो टाकला की लॅपटॉप तो लक्षात ठेवतो. इथे पीसीचं नाव दिलं असेल तर पुढेही सगळीकडे नावच द्यायचं. एकीकडे नाव आणि दुसरीकडे आयपी पत्ता दिला तर साठवलेला पासवर्ड लागू होत नाही. लॅपटॉपवर दोन माणसं वेगवेगळ्या लॉगिनने काम करत असतील तर प्रत्येकाच्या लॉगिनमधून ही कमांड एकदा द्यावी लागते.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. नवीन प्रिंटर जोडताना विंडोजला शोधू द्यायचं नाही. ‘मला हवा तो प्रिंटर यादीत नाही’ या अर्थाचा पर्याय घेऊन Add a local printer or network printer with manual settings निवडायचं. प्रिंटर दुसऱ्या पीसीला लावलेला असला तरी इथे लोकलच म्हणायचं. मग Create a new port, प्रकार Local Port, आणि पोर्टचं नाव म्हणून हे टाइप करायचं:

```
\\DUKAN-PC\LJ1320
```

त्यानंतर विंडोज ड्रायव्हर विचारतं. तो आम्ही एचपीच्या युनिव्हर्सल पीसीएल ६ चा ६४-बिट घेतला. आधी फाइल एका फोल्डरमध्ये उलगडून Have Disk ने तिथली `.inf` दाखवली. शेवटी हा प्रिंटर लॅपटॉपवरून पुढे शेअर करू नका.

हे चालतं कारण आता पानाची मांडणी लॅपटॉपवर, लॅपटॉपच्याच ६४-बिट ड्रायव्हरने होते. प्रिंटरच्या भाषेत तयार झालेला मजकूर जुन्या पीसीच्या रांगेत जातो आणि तो पीसी तो तसाच प्रिंटरला देतो. ३२-बिट ड्रायव्हर त्याला हातच लावत नाही, मग मिसमॅच कशाचा?

अडलं तर कुठे अडलं हे ओळखता येतं. पोर्ट बनवतानाच Access is denied आलं तर दोष पासवर्डचा आहे, ड्रायव्हरला दोष देऊ नका. पोर्ट बनला पण कागद आला नाही, तर जुन्या पीसीवर प्रिंटरची रांग उघडून ठेवा आणि लॅपटॉपवरून टेस्ट पेज पाठवा. काम त्या रांगेत दिसलंच नाही तर अडचण नेटवर्कची, फायरवॉलची किंवा तो पीसी स्लीपमध्ये गेल्याची. दिसलं आणि कागदावर `@PJL` सारखी अक्षरं किंवा पानामागून पानं कचरा आला, तर चुकीच्या भाषेचा ड्रायव्हर निवडला गेलाय.

या पद्धतीची मर्यादाही आहे. कागद संपला, टोनर संपला हे लॅपटॉपला कळत नाही, तो आपला Ready दाखवतो. काही स्वस्त लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर छापताना प्रिंटरशी दुतर्फा बोलतात; त्यांना हा एकेरी रस्ता पुरत नाही आणि काम रांगेतच पडून राहतं. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजणाऱ्या प्रिंटरला ती अडचण येत नाही. आणि कंपनीने ६४-बिट ड्रायव्हर काढलाच नसेल, चालणारा युनिव्हर्सल ड्रायव्हरही नसेल, तर मात्र इलाज नाही.

दुसरा उपाय, रजिस्ट्रीचा. मायक्रोसॉफ्टने KB4599464 या टिपणात ही नोंद नीट समजावली आहे, मेसेज लिहिणाऱ्याने ते वाचलेलं दिसत नाही. CVE-2021-1678 हे सुरक्षेतलं भोक बुजवण्यासाठी ती आणली, १४ सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ती सक्तीची झाली, आणि ती लागू होते प्रिंटर शेअर करणाऱ्या मशीनवर. ती अडवते तेव्हा `0x0000011b` हा आकडा येतो. ड्रायव्हरच्या बिटशी तिचा संबंध नाही. विंडोज ७ चे सर्वसाधारण अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले, त्यामुळे मामांच्या पीसीवर ती सक्ती कधी आलीच नव्हती. तिथे शून्य लिहून काय साधणार? लॅपटॉपवर शून्य लिहिलं तर चालू असलेलं संरक्षण तेवढं जातं.

तिसऱ्याने उलट अडचण वाढते. पासवर्ड शेअरिंग बंद केलं की लॅपटॉप पाहुणा म्हणून आत जायला बघतो, आणि विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती पाहुण्याचं कनेक्शन सरळ नाकारते. SMB1 ही नेटवर्कवर फाइली-प्रिंटर शेअर करायची जुनी पद्धत, ती फक्त एक्सपी आणि त्याहून जुन्यांना लागते. विंडोज ७ ला SMB2 येतं. गाळ्यात एक्सपी असेल तर त्याच्यासाठी नव्या लॅपटॉपवर SMB1 उघडू नका. प्रिंटरला यूएसबी असेल तर तो सरळ नव्या मशीनला लावा.

चौथ्याबद्दल मामांना इतकंच सांगितलं की ६४-बिट विंडोजवर १६-बिट डॉस प्रोग्रॅम चालत नाहीत. पट्ट्यांचा प्रोग्रॅम त्याच दिवशी बंद पडला असता. शिवाय ३२ वरून ६४ ला अपग्रेड होत नाही, डिस्क साफ करून नव्यानेच टाकावं लागतं. नवीन प्रिंटर घ्यायचा तर खुशाल घ्या, पण पॅरलल पोर्ट नसलेल्या नव्या प्रिंटरवर तो प्रोग्रॅम LPT1 ला काय पाठवणार, हे आधी विचारून घ्या.