गास्केटवाले काका

परवा भांड्यांच्या दुकानात एका अनोळखी काकांनी माझ्या हातातला चॉपिंग बोर्ड काढून घेतला, नाकाशी नेला आणि जाहीर केलं, "ताई, हे लाकूड आहे."

मी लाकूडच शोधत होते. काका आले होते कुकरचं गास्केट घ्यायला. ते त्यांच्या मनगटात बांगडीसारखं लटकत होतं आणि हातवारे करताना गरगर फिरत होतं.

"लाकडात जंतू मुरतात. बांबू घ्या. बांबूत जंतू जगतच नाहीत."

"कुणी सांगितलं?"

"हे काय, लिहिलंय ना!" म्हणत त्यांनी बांबूच्या बोर्डावरचा स्टिकर माझ्या डोळ्यांसमोर नाचवला.

आता जंतू लाकडात मुरतात, हे खरंच आहे. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. अमेरिकेत डीन क्लाइव्हर नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. १९९०च्या दशकात ते निघाले होते लाकडी बोर्ड प्लास्टिकइतका स्वच्छ कसा करावा हे शोधायला, आणि हाती आलं भलतंच. लाकूड ओलावा आत शोषतं, त्याबरोबर जंतूही आत जातात. तिथे ते वाढत नाहीत, लाकूड वाळेल तसे मरतात. नवं प्लास्टिक हाताने सहज धुतलं जातं, पण सुरीचे चरे पडले की त्यात अडकलेले जंतू घासून निघेनात. आपल्याकडे तर हे बघायला प्रयोगशाळा नको. जुन्या पांढऱ्या बोर्डावर ओली हळद कापा, धुवा आणि उजेडात धरा. प्रत्येक चरा पिवळा दिसतो. जिथे हळद राहते, तिथे कालच्या मासळीचं पाणीही राहतं. कच्च्या मासळीला मी प्लास्टिकच वापरते, कारण ते कढत पाण्याने धुता येतं. पण चरे खोल झाले की सरळ फेकून देते.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी ते गास्केट ताणत ऐकलं.

"बरं, पण बांबू म्हणजे तरी लाकूडच ना?"

"बांबू गवत आहे, काका."

"गवत?" त्यांनी दुकानदाराकडे साक्षीदारासारखं पाहिलं. "मग गाय खाते का बोर्ड?"

"गवे खातात बांबू."

"अहो, गवे कशाला येतात स्वयंपाकघरात!"

दुकानातल्या तीन बायका हसल्या. मला हसल्या, हे उघड होतं. त्या हशात माझा मुख्य मुद्दा वाहून गेला, तो असा की बांबूत सिलिका असते, म्हणजे वाळूची सख्खी बहीण. शिवाय त्याच्या पट्ट्या राळेने चिकटवून बोर्ड बनतो. सुरीची धार त्यावर लवकर बोथट होते. काचेच्या बोर्डाचं तर नावच नको, तो सुरीचा उघड खून आहे. धार गेली की टोमॅटो सांगतो: सुरी सालीवरून घसरते, दाबावं लागतं, आणि गर ओट्यावर.

आजीला हा ताप नव्हता. विळीचं पातं जागच्या जागी आणि भाजी पुढे सरकते, म्हणजे पात्याची धार कशावर आपटतच नाही. पण गुडघे विळीपर्यंत खाली जायला तयार नाहीत, म्हणून हे काकापुराण.

"मग सागवानी घ्या," काका म्हणाले. "आमच्या वाड्याचे खांब सागवानी होते."

सागवान पाण्याला चिवट असतो, कबूल, पण त्यातही सिलिका असते. वाड्याच्या खांबावर कुणी कांदा चिरत नाही. मला हवा होता आंब्यासारख्या लाकडाचा जाड बोर्ड. सुरीचा बारीक ओरखडा उठू देईल असा, कारण बोर्ड जरा दबला तरच धार वाचते. आणि दुकानात तसा तो एकच होता, काकांच्या हातात. बाकी सगळ्यांवर नुसतं 'वुडन', बांबूवरसुद्धा. कुठलं झाड, ते छापायला शाई संपते यांची. साध्या बिस्किटाच्या पुड्यावर मैद्याची टक्केवारी लिहितात, पण ज्यावर रोज अन्न कापायचं त्याची जात सांगायला कुणी तयार नाही. विचारलं की दुकानदार म्हणतो, "चांगलं लाकूड आहे, मॅडम."

खरं तर जपायचंही फार नसतं. साबण आणि गरम पाण्याने लगेच धुवायचा, भिजत टाकायचा नाही, उभा ठेवून दोन्ही अंगांनी वाळवायचा. एका अंगाने वाळला की वाकतो. अधूनमधून खाण्यायोग्य मिनरल ऑइल चोळायचं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं नाही, कारण ते लाकडातच खवट होतं आणि मग कापलेल्या पपईलाही जुन्या फरसाणाचा वास येतो.

माझा फोन वाजला, म्हणून मी दाराशी गेले. परत आले तर काका गल्ल्यापाशी. गास्केट आणि माझा बोर्ड, दोन्हीचं बिल होत होतं.

"अहो, तो मी बघत होते!"

"तुम्ही ठेवलात की," दुकानदार म्हणाला. तो बोर्ड मी ठेवला नव्हता, काकांनी काढून घेतला होता, पण हे सांगायला साक्षीदार कोण? त्या तीन बायका?

"तुम्ही एवढं समजावलंत, पटलं," काका प्रसन्नपणे म्हणाले. पिशवीत बोर्ड सरकवता सरकवता त्यांना आठवलं. "ताई, याला तेल लावायचं असतं म्हणे. कुठलं लावू?"

"घरातलं फोडणीचं," मी म्हणाले. "भरपूर लावा."