साडी जमिनीला लोळायला लागली, तेव्हाच कळायला हवं होतं

वर्षभर आईच्या साडीचा काठ जमिनीला लोळत होता. "निऱ्या नीट बसत नाहीत गं हल्ली," ती म्हणायची, आणि मी सांगायचे, परकर थोडा वर बांध. तिची उंची कमी होतेय हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. नोकरीच्या जुन्या कागदांत तिची उंची १५४ सेंटीमीटर आहे. आता मोजली तर १४९.

आई ६८ वर्षांची. गंगापूर रोडजवळच्या एका बागेत सकाळी बायकांचा योगाचा ग्रुप जमतो, तिथे जायची. जानेवारीत पश्चिमोत्तानासन चाललं होतं. "गुडघे न वाकवता, अजून थोडं पुढे." बोटं अंगठ्याला लागणार एवढ्यात पाठीत कट् झालं. कळ पाठीच्या मध्यातून दोन्ही बाजूंनी बरगड्यांकडे पट्टा आवळावा तशी आली. पडून राहिलं की कमी, कूस बदलली की जीव जायचा. पहिल्या डॉक्टरांनी उसण भरली म्हणून गोळ्या आणि चोळायला मलम दिलं. दोन आठवडे तसेच गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर छातीच्या मणक्यांमधला शेवटचा, बारावा, पुढून दबून पाचरीसारखा झालेला. त्याच्या वरचा आणखी एक मणका आधीच कधीतरी दबलेला. तो कधी मोडला हे आईलाही माहीत नाही. असे बरेचसे फ्रॅक्चर 'वयाची पाठदुखी' म्हणून अंगावर काढले जातात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे ३.१ आला, तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, असं म्हणतात.

मणक्याचं कारण समजलं की पुढचं सगळं समजतं. मणक्याचा पुढचा, गोल भाग आतून जाळीदार हाडाचा असतो. पाठ गोल करून वाकलो की भार त्याच्या पुढच्या कडेवर येतो. जाळी विरळ झाली असेल तर ती कडा चेपते. मग पाठ आणखी पुढे झुकते आणि भार शेजारच्या मणक्यांवर जातो. म्हणून एक मोडला की दुसरा मोडायचा धोका वाढतो.

१९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायकांवरचा एक अभ्यास छापला होता. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींना मणक्याची नवी इजा झाली, पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींना. अभ्यास छोटा आणि जुना आहे, पण आईचा एक्स-रे पाहिल्यावर मला तो पुरेसा आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: साठीपुढच्या बाईची हाडं कशी आहेत हे न विचारता तिला पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, पोटाचे सिट-अप्स करायला लावणं चूक आहे. सूर्यनमस्कारातही दोनदा पूर्ण वाकणं येतं. सगळ्यात वाईट म्हणजे वाकून वळणं, बादली उचलून बाजूला ठेवतो तसं. मी योगाच्या विरोधात नाही. आई परत ग्रुपमध्ये जाते, फक्त वाकायची आसनं सुरू झाली की थांबते.

कळ ओसरल्यावर, साधारण दोन महिन्यांनी, फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्यायाम सुरू केले. सर्वात आधी वाकायला शिकवलं. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरायचा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही त्याला टेकलेली. मग गुडघे किंचित सैल सोडून खुब्यातून पुढे झुकायचं. दांडा कुठे सुटला की पाठ गोल झाली. आईला हे जमायला तीन आठवडे लागले; पन्नास वर्षांची सवय होती. मग पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपायचं, हात अंगालगत, छाती जेमतेम चार बोटं उचलून पाच आकडे मोजायचे, आठ वेळा. मान वर टाकायची नाही, नजर गादीकडेच. शिवाय हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं, कारण तोल गेला की पडणं आलंच. दुखलं की थांबायचं. औषध वेगळं चालू आहे, व्यायाम त्याच्या जागी नाही.

अंथरुणातून ती आता सरळ उठत नाही. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून हाताने रेटा. शिंक आली की एक हात भिंतीला, पाठ ताठ. बादली अर्धीच आणि अंगालगत.

घरी कुणाची आई, सासूबाई असतील तर त्यांना भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं करा. हनुवटी वर न उचलता डोकं मागे भिंतीला टेकत नसेल, किंवा उंची तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटरने कमी झाली असेल, तर पाठीचा एक्स-रे आणि डेक्साबद्दल डॉक्टरांना विचारा. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दारातली रांगोळी आई आता एक गुडघा टेकवून, पाठ सरळ ठेवून काढते. आधी मोठी असायची, आता वीतभर.