दोन नंबर पक्का

तालुक्याच्या प्रेसमधून लग्नपत्रिकेचे तीन नमुने ईमेलवर आले, कारण ईमेलवरच पाठवा असा आग्रह माझा होता. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की तो दाबून लहान होतो, अक्षरांच्या कडा खरबरीत होतात आणि पत्रिका वाईट की फोटो वाईट, हेच समजत नाही. एवढं बोलून गेलो आणि पुतणीच्या लग्नातलं माझं खातं ठरलं. मंडप, आचारी, बॅन्ड, घोडा दुसऱ्यांकडे; ईमेल माझ्याकडे.

फायलींची नावं होती `final.jpg`, `final_new.jpg` आणि `final_new_2.jpg`. पहिली गडद मरून, त्यावर क्रीम अक्षरं. दुसरी क्रीम, त्यावर मरून अक्षरं. तिसरी हळदीसारखी पिवळी, त्यावर लाल अक्षरं आणि मजकुराच्या मागे भलामोठा पुसट गणपती.

भाऊंनी माझ्या लॅपटॉपवर पाहून जाहीर केलं, "दोन नंबर पक्का." स्वयंपाकघरातून वहिनी फोन नाचवत आल्या, "माह्याही मनात दोन नंबरच होता जी!" आमच्या घरात या दोघांचं एकमत म्हणजे पंचांगात नोंदवण्यासारखी गोष्ट. चहा झाला. तो झाल्यावर लक्षात आलं की फोनवर तीच चित्रं वेगळ्या क्रमानं उघडत होती आणि वहिनींचा दोन नंबर पिवळा होता. मोठ्या आईनंही दोन नंबरलाच मत दिलं, पण ती खालून मोजत होती की वरून, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेव्हापासून मी घरात नंबर बंद केले. फाईलचं पूर्ण नाव घ्यायचं आणि सोबत रंग सांगायचा.

रंग सांगायचा म्हटल्यावर खरा तमाशा सुरू झाला.

"हे मरून हाये का?" भाऊ म्हणाले. "मले त वीट दिसते." त्यांच्या फोनमध्ये रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळसर छटा चालू केलेली होती आणि ती दिवसाही तशीच राहिली होती. पुतण्याचा फोन मुळातच सगळं भडक दाखवणारा. त्यात मरूनचा जांभळा झाला. वहिनींनी फोन अंगणात उन्हात नेला, तिथं तर तिन्ही पत्रिका एकाच रंगाच्या दिसल्या. चित्र एक, आणि भांडण चार रंगांवरून.

बरं, सगळ्यांचे फोन सारखे केले असते तरी उपयोग नव्हता. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग बनवतो. छपाईचं यंत्र निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर एकावर एक चढवतं. पडद्यावर भगवा जितका झळाळतो तितका तो या शायांतून येतच नाही. कागदावर एक पायरी उतरतोच. सोनेरीची गोष्ट आणखी वेगळी. ती चकचकीत पन्नी गरम ठशानं नंतर दाबतात, त्यामुळे नमुन्यात तिच्या जागी नुसता मोहरीसारखा रंग भरलेला असतो. वहिनींनी तो पाहून विचारलं, "गणपतीले कावीळ काऊन झाली बाप्पा?" यावर उत्तर एवढंच, की पडद्यावर पसंत करायची ती मांडणी, रंग कागदावरच पाहायचा.

मग मी अक्षरांकडे वळलो. पत्रिकेचं अक्षर तपासायचं तर वधूवरांची नावं पाहू नयेत. ती इतकी मोठी असतात की पलीकडच्या गल्लीतून वाचता येतील. पाहायचा तो सगळ्यात बारीक मजकूर, आणि त्यातही अनुस्वार, रफार आणि वेलांट्या. मराठी आधी तिथंच बुजते. आमच्या कार्यस्थळाचं गाव चिंचोली. मरून पत्रिकेत ते 'चिचोली' दिसत होतं. आता चिंचोल्या आणि चिचोल्या आपल्याकडे दोन्ही आहेत. निम्मं वऱ्हाड भलत्याच फाट्यावर उतरलं असतं, आणि तिथंही एखादं लग्न असतंच, म्हणजे जेवूनही आलं असतं.

ही चूक टाईप करणाऱ्याची की मागच्या रंगाची, हे कसं ओळखायचं? मजकूर तिन्ही नमुन्यांत एकच बसवलेला. क्रीम पत्रिकेत तो टिंब ठसठशीत होता, म्हणजे टाईप बरोबर. मरून पत्रिका मोठी करून पाहिली तर टिंबाच्या जागी पुसटसा ठिपका होता, मागच्या गडद रंगात बुडालेला. कागदावर तर हे वाढण्याचीच भीती. तिथं अक्षर म्हणजे शाई न लागलेली जागा. शाई जरा पसरली किंवा एखादा रंग केसभर सरकला की बारीक टिंब आधी मिटतो.

पिवळ्या पत्रिकेत लाल अक्षरांभोवती धूर पसरल्यासारखं दिसत होतं. तो दोष मात्र मी प्रेसच्या माथी मारला नाही. जेपीजी चित्र लहान करताना रंगाचा तपशील आधी टाकून देतात, म्हणून लाल अक्षर पिवळ्यावर जास्त फेसाळतं. अक्षरांचं चित्र न करता बनवलेली पीडीएफ मागितली की अक्षर कितीही मोठं करा, कड स्वच्छ राहते. पण मागचा पुसट गणपती खरा होता. त्याची सोंड नेमकी मुहूर्ताच्या वेळेवरून गेली होती आणि ११ चे १७ वाटत होते.

एवढं पटवून दिल्यावर भाऊ म्हणाले, "बराबर हाये. आता निमंत्रकांत साळभाऊंचं नाव टाकून दे." साळभाऊंमागे मामेभाऊ आले, त्यांच्यामागे माजी सरपंच आले. पत्रिकेचा आकार तेवढाच, त्यामुळे प्रत्येक पाहुण्यागणिक अक्षर लहान होत जाणार. आठ पॉईंटच्या खाली गेलं की चिंचोलीचा टिंब क्रीम कागदावरही धोक्यात. मी सरपंचांपाशी बांध घातला. त्यावर दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत.

शेवटी ईमेल लिहिला:

"विषय: लग्नपत्रिका ५०० प्रती, `final_new.jpg` पसंत, अजून छापू नये

नमस्कार भाऊ,
तीनपैकी `final_new.jpg` पसंत आहे, म्हणजे क्रीम पत्रिका, मरून अक्षरं. बाकी दोन नकोत. बारीक मजकूर मरूनऐवजी नुसत्या काळ्या शाईत घ्यावा, म्हणजे एकच शाई लागेल आणि रंग सरकून कडा फाटणार नाहीत. नावं मरूनच ठेवा. तो मरून आमच्या प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो, म्हणून तुमच्याकडच्या छापील नमुन्यांतला कुंकवाच्या जवळचा घ्यावा. निमंत्रकांत तीन नावं वाढली आहेत, सोबत जोडली आहेत. अक्षर आठ पॉईंटच्या खाली जाऊ देऊ नये. चिंचोलीवरचा अनुस्वार पाहावा. दुरुस्त पीडीएफ आणि त्याच कागदावर एक छापील प्रत पाठवावी. ती पाहून होकार कळवतो, मगच छपाई."

छापील प्रत दुसऱ्या दिवशी काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडे आली. टिंब जागेवर, ११ चे ११. मरून मात्र भाऊंच्या मते अजूनही कुंकवापेक्षा जरा काळवंडलेला. मी ती प्रत खिडकीच्या उजेडात धरून प्रेसला काय लिहावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मोठ्या आईनं ती हातातून घेतली. घरात आलेली पहिली पत्रिका म्हणून देवापुढे ठेवली, कोपऱ्यांना हळद लावली आणि कुंकवाचं भरलेलं बोट चिंचोलीवर टेकवलं.

भाऊंनी वाकून पाहिलं.

"हं," ते म्हणाले, "हा रंग बराबर हाये. हाच सांग त्याले."